माइक लावला होता तरी बाईट लांबून आल्यासारखा ऐकू येतोय? आधी हे तपासा

कॉलर माइक शर्टाला लावलाय, वायर फोनमध्ये घातलीये, समोरचा माणूस मनापासून बोललाय, आणि संध्याकाळी एडिटला बसल्यावर ऐकता तर माणूस विहिरीतून बोलतोय आणि मागचा ट्रॅक्टर मात्र तुमच्या कानाशी उभाय. मोबाइलवर बातम्या करणाऱ्या आपल्यापैकी जवळपास प्रत्येकाला हा प्रॉब्लेम कधी ना कधी येतो, आणि एकदा येऊन थांबत नाही. बरेच जण मग माइक खराब आहे असं समजून दुसरा मागवतात, दुसऱ्यावरही तेच होतं. कारण माइक खराब नसतोच, फोनने तो घेतलेलाच नसतो. रेकॉर्डिंग झालेलं असतं फोनच्या स्वतःच्या माइकवर, ते चार्जिंगच्या भोकाशेजारी बारीक छिद्र असतं ना, तिथून.

माझ्यावर हे लासलगावला आलं. उन्हाळ कांद्याचे दिवस, बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, लिलाव एकेका ट्रॉलीपाशी पुढे सरकत होता, आणि लिलाव उरकलेल्या एका शेतकरी काकांचा मी बाईट घेतला. ते म्हणाले, "भाव तसा बरा भेटला आज. पण निम्मा माल चाळीतच सडला, मग बरा भाव घेऊन करायचं काय?" पहिलं वाक्य स्वच्छ आलं, आणि दुसरं सुरू होता होता मागचा ट्रॅक्टर स्टार्ट झाला. घरी आल्यावर कळलं की "भाव तसा बरा भेटला आज" एवढंच नीट ऐकू येतंय. तेवढंच लावलं असतं तर काका जे सांगायला उभे राहिले त्याच्या बरोब्बर उलटी बातमी गेली असती. म्हणून मी या प्रॉब्लेमकडे नुसता टेक्निकल म्हणून बघत नाही, आवाज गेला की कट कुठे मारायचा हे आपल्या हातात राहत नाही, ट्रॅक्टर ठरवतो.

आता फोन नेमका कुठल्या माइकवर रेकॉर्ड करतोय हे ओळखायचं कसं, तर त्याला वीस सेकंद लागतात. रेकॉर्डिंग चालू करा, कॉलर माइकच्या फोमवर नखाने हलकेच खरवडा, तोंडाने बोला "कॉलर". मग फोनच्या खालच्या कडेला नखाने तसंच खरवडा, बोला "फोन". थांबवा आणि ऐका. ज्या खरवडीचा आवाज कानाजवळ मोठा आला तो माइक चालू आहे. टाळी वाजवून किंवा "हॅलो हॅलो" करून हे कळत नाही बरं का, कारण तुमचा आवाज दोन्ही माइकमध्ये जातो आणि जवळून दोन्ही ठीकच वाटतात. नखच पाहिजे. आणि ही टेस्ट घरी करून उपयोग नाही, स्पॉटवर, त्या माणसाच्या शर्टाला माइक लावल्यावर, ज्या ॲपमध्ये शूट करणार त्याच ॲपमध्ये करायची.

ऐकताना एक गोची होते तीही सांगून ठेवतो. वायरलेस माइकचा रिसीव्हर फोनच्या टाइप-सी भोकात असेल तर फोन त्यालाच हेडफोन समजतो, म्हणजे प्ले केल्यावर फोनच्या स्पीकरमधून काहीच येत नाही आणि आपल्याला वाटतं रेकॉर्डच झालं नाही. रिसीव्हर काढा, मग ऐका. एकदा माझ्या ओळखीच्या एका स्ट्रिंगरने नुसत्या या गैरसमजातून एका आजींना तीनदा बोलायला लावलं, तिन्ही वेळा रेकॉर्डिंग व्यवस्थित झालेलं होतं.

टेस्टमध्ये "फोन" मोठा आला, म्हणजे माइक लागलेला नाही, तर मग खालच्या क्रमाने बघत जा. क्रम महत्त्वाचा आहे कारण सगळ्यात साधं कारण सगळ्यात जास्त वेळा निघतं.

पहिलं कारण फोनचं कव्हर. जाड रबरी कव्हर असेल तर पिन शेवटपर्यंत आत जातच नाही, एक-दीड मिलिमीटर बाहेर राहते, बाहेरून बघितलं तर बसलेली दिसते. लासलगावला माझं हेच झालं होतं. कव्हर काढा, पिन परत दाबा, आत बसल्याचा बारीक "टक" हाताला जाणवला पाहिजे. भोकात खिशातला कचरा साठला असेल तरी हेच होतं, लाकडी टूथपिकने फोन बंद करून हळूच काढा, सुई-टाचणी घालू नका.

दुसरं कारण पिन. 3.5 मिलिमीटरच्या पिनवर रंगीत किंवा काळ्या रिंगा असतात, त्या मोजा. फोनला चालणाऱ्या पिनवर तीन रिंगा असतात, म्हणजे धातूचे चार तुकडे, दोन बाजूंचे स्पीकर, अर्थ आणि माइक. कॅमेऱ्यासाठीच्या माइकच्या पिनवर दोनच रिंगा असतात, धातूचे तीन तुकडे. ही दोन रिंगांची पिन फोनमध्ये घातली की तिचा शेवटचा लांब तुकडा फोनच्या आतल्या अर्थ आणि माइक दोन्ही पत्त्यांना एकदम टेकतो, फोनला वाटतं इथे नुसता हेडफोन लावलाय, माइक नाहीये, आणि तो गुपचूप स्वतःचा माइक चालू ठेवतो. कसला मेसेज नाही की काही नाही. यावर उपाय म्हणजे दोन रिंगांचं तीन रिंगांना जोडणारा छोटा ॲडाप्टर, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, दुकानदाराला रिंगा मोजून दाखवा म्हणजे चुकीचा येणार नाही. काही वायरलेस सेटमध्ये दोन सारख्या दिसणाऱ्या वायरी येतात, एक कॅमेऱ्याची आणि एक फोनची, त्यांची अदलाबदल फार होते. फोनच्या वायरला मी लाल टेप गुंडाळून ठेवलाय. आणि ज्या कॉलर माइकच्या डबीवर कॅमेरा आणि स्मार्टफोन असा खटका असतो तो स्मार्टफोनकडे आहे ना ते बघा, खिशात जाता येता तो सरकतो.

फोनला 3.5चं भोकच नसेल आणि तुम्ही टाइप-सीचा तुकडा जोडून माइक लावत असाल तर तो तुकडा नुसत्या वायरींचा आहे की त्याच्या आत आवाज डिजिटल करणारी चिप आहे यावर सगळं अवलंबून. नुसत्या वायरींचा तुकडा बऱ्याच फोनमध्ये चालतच नाही. शिवाय काही तुकड्यांमधून गाणी ऐकू येतात पण माइक जात नाही, कारण त्यात माइकची लाइनच दिलेली नसते. म्हणून "गाणं वाजतंय म्हणजे तुकडा चांगला आहे" हा निष्कर्ष काढू नका, परत नखाचीच टेस्ट. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ओटीजी सेटिंगमधून चालू करावं लागतं आणि थोडा वेळ वापर नसला की आपोआप बंद होतं, त्यामुळे सकाळी चाललेला माइक दुपारी चालत नाही आणि माणूस चक्रावतो.

तिसरं कारण ॲप. इथे खूप जण अडकतात. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमधलं कंपनीचं कॅमेरा ॲप बाहेरच्या माइककडे बघतच नाही, माइक बरोबर लागलेला असतो, व्हॉइस रेकॉर्डरमध्ये मस्त रेकॉर्ड होतं, व्हिडिओत मात्र नाही. ओपन कॅमेरा नावाचं फुकट ॲप घ्या, त्याच्या सेटिंगमध्ये व्हिडिओच्या भागात `Audio source` असतं, तिथे बाहेरचा माइक निवडा. किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरा, तेही फुकट आहे, आयफोनवर 2023 पासून आणि काही अँड्रॉइड फोनवर 2024 पासून मिळतं, त्यात स्क्रीनवर आवाजाच्या पट्ट्या हलताना दिसतात, हा फार मोठा आधार आहे. माणूस नेहमीच्या आवाजात बोलताना पट्टी उणे 12 च्या आसपास नाचली पाहिजे, जोरात बोलला तरी शून्याला टेकता कामा नये. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज कुठलंही ॲप शिवून देत नाही. हळू आलेला आवाज निदान वाढवता येतो.

आणि चौथं, ब्लूटूथ. कानात किंवा बॅगेत इअरबड चालू राहिलेत, किंवा मोटारीचा ब्लूटूथ अजून जोडलेला आहे, आणि काही ॲप आवाज तिकडून घेतात. शूटच्या आधी फोन फ्लाइट मोडवर टाका, मग ब्लूटूथही बंद आहे ना बघा. नुसत्या ब्लूटूथसाठी नाही, फोन आला की कितीतरी फोनमध्ये रेकॉर्डिंग थांबतं किंवा आवाज तेवढ्यापुरता जातो, आणि डेस्कचा फोन नेमका बाईटच्या मध्येच येतो हे तुम्हाला सांगायला नको.

आता समजा सगळं करून माइक लागतच नाहीये आणि लिलाव तुमच्यासाठी थांबणार नाहीये. तर फोनच्याच माइकवर घ्या, पण मग फ्रेम बदला. इथे फ्रेम आणि आवाज एकच गोष्ट होते. कॉलर माइक हनुवटीपासून एक वीत खाली असतो, तर फोन आपण साधारण पाच फुटांवर धरतो, म्हणजे अंतर जवळपास सात-आठपट. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने खाली येतो, म्हणजे एवढ्या अंतरात 17-18 डेसिबल जातात, आणि मागचा ट्रॅक्टर मात्र आहे तेवढाच राहतो. त्यामुळे माइक नसताना झूम करून लांबून घ्यायचं नाही, दोन-अडीच फुटांवर जायचं, साध्या 1x लेन्सवर, छातीपासून वर अशी फ्रेम धरायची. 0.5 वर जाऊ नका, जवळून त्यात नाक मोठं आणि डोकं लांबट दिसतं, माणसाची थट्टा केल्यासारखं होतं. डोळे फ्रेमच्या वरच्या तिसऱ्या भागाच्या रेषेवर, डोक्यावर दोन बोटं जागा, ज्या बाजूला बघतोय तिकडे जास्त मोकळं. फोन त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. काका ट्रॉलीवर बसले असतील तर तुम्ही खालून घेऊ नका, त्यांना खाली बोलवा किंवा तुम्ही चढा.

फोन आडवा धरला की खालचा माइक उजव्या किंवा डाव्या तळहाताखाली जातो, हे लक्षात ठेवा, आवाज दबका येण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे, आणि ट्रायपॉडचा चिमटासुद्धा कधी कधी नेमका त्या छिद्रावर बसतो. दुसरं म्हणजे माणसाला उभं कुठे करायचं. गोंगाट त्याच्या पाठीमागे ठेवायची आपल्याला सवय असते कारण चित्र छान दिसतं, पण मग गोंगाट थेट फोनच्या समोर येतो. ट्रॉलीच्या किंवा शेडच्या भिंतीच्या आडोशाला घ्या, वाऱ्याकडे त्याची पाठ करा. बाजाराची गर्दी, लिलावाची बोली हे सगळं वेगळ्या शॉटमध्ये घ्यायचं, प्रत्येक शॉट हात स्थिर ठेवून किमान दहा सेकंद, कांदा हातात घेऊन बघणारी बोटं, ट्रॉलीची रांग, बोली बोलणाऱ्याचा चेहरा, पावती. आणि निघायच्या आधी त्याच जागेवर अर्धा मिनिट कोणी न बोलता नुसता आवाज रेकॉर्ड करा, एडिटमध्ये दोन तुकडे जोडताना मध्ये शांततेचा खड्डा पडतो तो याने भरतो.

बॅकअपची एक सोपी रीत आहे, मी आता प्रत्येक महत्त्वाच्या बाईटला वापरतो. दुसरा कुठलाही जुना फोन घ्या, व्हॉइस रेकॉर्डर चालू करा, फ्लाइट मोडवर टाका, आणि बोलणाऱ्याला विचारून त्याच्या शर्टाच्या खिशात माइकची बाजू वर करून ठेवा. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी. एडिटमध्ये टाळीचा टोकदार उंचवटा दोन्ही ट्रॅकवर दिसतो, तो एकाखाली एक लावला की झालं. दोन-तीन मिनिटांच्या बाईटला ओठ आणि आवाज जुळून राहतात. अर्धा-पाऊण तासाची मुलाखत असेल तर हळूहळू सरकायला लागतात, कारण फोन व्हिडिओच्या फ्रेमा अगदी समान वेगाने घेत नाही, मग दर दहा मिनिटांनी परत एक टाळी मारून घ्या.

बरं, बाईट बिघडूनच आलाय, आता काय. माझ्या केसमध्ये मी काय केलं ते सांगतो. एडिटिंग ॲपमध्ये इक्वलायझर असेल तर 100 हर्ट्झच्या खालचं सगळं काढा, ट्रॅक्टरच्या घरघरीतला बराच भाग तिथे असतो आणि माणसाच्या बोलण्यातला कळणारा भाग त्याच्या वर. मग नॉइज रिडक्शन, पण निम्म्याच्या आतच. पूर्ण ओढलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो आणि शब्दांच्या कडा, विशेषतः स, श, च, खाऊन टाकतो. एवढं केल्यावर दुसरं वाक्य मला कळत होतं, पण मला कळत होतं कारण मी तिथे उभा होतो. ही परीक्षा स्वतःवर करायची नाही. मी बायकोला ऐकवलं, ती म्हणाली "निम्मा माल" एवढंच कळलं.

आता इथून पुढे चार वाटा दिसतात आणि त्यातल्या तीन चुकीच्या आहेत. स्वच्छ आलेलं पहिलंच वाक्य लावायचं, तर ते खोटं होतं, शब्द त्यांचेच असूनही. दुसऱ्या कोणाकडून ते वाक्य बोलून घेऊन त्यांच्या चेहऱ्यावर टाकायचं, तर ती सरळ बनवाबनवी. सडलेल्या कांद्याचे गेल्या वर्षीचे शॉट माझ्याकडे होते, ते टाकून वर स्वतःच्या आवाजात सांगायचं, तर बघणाऱ्याला ती याच काकांची चाळ वाटणार. चौथी वाट मी घेतली. क्लिप काकांना पाठवली, फोन केला, तुमचं हे वाक्य असंच आहे ना विचारलं, त्यांनी तेच शब्द परत सांगितले, आणि मग दोन्ही वाक्यं पूर्ण लावून खाली त्यांच्याच शब्दात सबटायटल दिलं. "भेटला"चं "मिळाला" केलं नाही. जुने शॉट वापरायचेच झाले तर त्यावर "संग्रहित दृश्य" असं शॉट संपेपर्यंत दिसलं पाहिजे, अर्धा सेकंद चमकून जाणारं नको.

परत बोलायला सांगावं का, असं विचारतात. स्पॉटवर असाल आणि साधी माहिती असेल, भाव काय, कधी आलात, तर बिनधास्त सांगा की आवाज नीट आला नाही, परत विचारतो. पण कोणी रडत बोललं असेल, रागावून बोललं असेल, तर ते परत करायला लावू नका. तो मग बाईट राहत नाही, नाटक होतं, आणि त्या माणसावर आपण ते दुसऱ्यांदा ओढवतो. अशा वेळी खराब आवाज सबटायटलसकट चालतो.

माइक नीट चालायला लागला की एक वेगळीच जबाबदारी येते, ती फारसं कोणी सांगत नाही. वायरलेस माइक कॉलरवर राहिला की बाईट संपल्यावरही तो सगळं ऐकतो. माणूस बाजूला जाऊन घरच्यांशी कर्जाबद्दल, भांडणाबद्दल बोलतो, ते तुमच्या फोनमध्ये येतं. ते वापरायचं नाही, डेस्कला पाठवायचं नाही, रेकॉर्डिंग संपलं की आधी माइक काढायचा आणि मग गप्पा मारायच्या. लावतानाही, ताई असतील तर माइक त्यांच्या हातात द्या, पदराला कुठे लावायचा ते स्वतःच्या शर्टावर दाखवा आणि त्यांनाच लावू द्या. पदराचं कापड घासत असेल तर चिमट्याखाली कापडाची एक घडी करायला सांगा, खरखर कमी होते.

अत्याचाराच्या केसमध्ये तर स्वच्छ आवाज हाच धोका आहे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे, मुलांच्या बाबतीत पॉक्सोचं कलम 23 आहे, आणि ओळख म्हणजे नुसतं नाव आणि चेहरा नाही. गावात आवाजावरून माणूस लगेच ओळखतात. चेहरा ब्लर करून खरा आवाज तसाच ठेवलेले व्हिडिओ मी बघितलेत, त्याने काहीच लपत नाही. एडिटिंग ॲपमधला जाडा-बारीक करण्याचा स्लायडरही पुरेसा नाही, कारण तोच उलटा फिरवून मूळ आवाजाच्या जवळ जाता येतं. तिथे दुसऱ्या व्यक्तीच्या आवाजात शब्द वाचून घ्यायचे आणि स्क्रीनवर स्पष्ट लिहायचं की आवाज बदललेला आहे. मघाशी काकांच्या बाबतीत जे बनवाबनवी म्हटलं ते इथे चालतं ते याच कारणाने, की बघणाऱ्याला सांगितलेलं असतं. मागची भिंत, घराचा दरवाजा, शाळेचा गणवेश यातलं काही फ्रेममध्ये येऊ द्यायचं नाही, ब्लरवर भरवसा ठेवण्यापेक्षा शूटच हातांचं किंवा जमिनीवरच्या सावलीचं करा. मूळ फाइल व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात टाकू नका.

बाकीच्या बातम्यांची फाइल डेस्कला पाठवताना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, 2 जीबीपर्यंत जाते. व्हिडिओ म्हणून पाठवली की ती दाबली जाते, चित्राबरोबर आवाजाचाही दर्जा घसरतो, आणि मग तुमच्याकडे चांगला असलेला बाईट डेस्कवर परत विहिरीतून येतो. सोबत दोन ओळी लिहून टाका की बाईटमधलं कुठलं वाक्य तोडायचं नाही. लासलगावच्या त्या फाइलबरोबर मी लिहिलं होतं, "दोन्ही वाक्यं एकत्र ठेवा, 'पण' नंतरचं काढल्यास अर्थ उलटा होतो." डेस्कने सबटायटलसकट तसंच लावलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोनचं रबरी कव्हर ब्लेडने पिनच्या भोवती कापून टाकलं.